हँडओव्हर ही रजेची अट नव्हे

"आधी तुमचं काम कोण बघणार ते लिहून द्या, परत नक्की कधी येणार ते सांगा, मग रजेचं बघू." मूल होणार असलेल्या बाईला एचआरकडून हे वाक्य ऐकावं लागतं. तिला, तिच्या घरच्यांना आणि बोलणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. त्यामागचं मत असं असतं की प्रसूती रजा ही कंपनीने दिलेली सवलत आहे, आणि सवलत मागणाऱ्याने आपल्या गैरहजेरीने होणारी अडचण स्वतःच आधी निस्तरून द्यावी. काम कोणाकडे सोपवलं, गरज पडली तर फोनवर कशी सापडेन, कोणत्या तारखेला हजर होईन, हे सगळं एकाच अर्जात यावं आणि साहेबांचं समाधान झालं तर मंजुरी मिळावी. अर्जाचे तयार नमुनेही याच समजुतीवर बेतलेले असतात. सुरुवातीला 'नम्र विनंती', शेवटी 'उपकृत करावे', आणि मधे आपल्यावाचून कचेरीचं काही अडणार नाही याची हमी. माझ्या मते ही समजूत मुळातच चुकीची आहे. रजेच्या तारखा, कामाची सोपवणूक आणि परतीचा बेत या तीन गोष्टी एकाच कागदावर आल्या म्हणून एका जातीच्या होत नाहीत. तारखा कळवणं ही हक्काची सूचना आहे. काम सोपवणं हे सहकार्य आहे. परतीचा बेत लिहिणं म्हणजे आपली जागा राखणं आहे. यातल्या एकीला दुसरीची अट केलं की तिन्हींचं नुकसान होतं, आणि ते सोसावं लागतं अर्ज करणारीला.

झाशीतल्या नगरा भागातलं एक घर कल्पनेने समोर ठेवू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. रेल्वेचं वॅगन दुरुस्तीचं वर्कशॉप आणि रेल्वे कॉलनी यांच्या शेजारची ही वस्ती. नवरा रेल्वेत नोकरीला आहे आणि बायको शहरातल्या एका खासगी वित्त कंपनीत कर्जखाती सांभाळते. त्यांचं हे पहिलं मूल, आणि डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख १२ ऑक्टोबर २०२६ दिली आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. म्हणजे ही बाई १७ ऑगस्टपासून कोणत्याही दिवशी रजा सुरू करू शकते. तिने ४ आठवडे आधीचा सोमवार, १४ सप्टेंबर हा दिवस निवडला, तर २६ आठवडे रविवार, १४ मार्च २०२७ रोजी संपतात आणि सोमवार, १५ मार्चला ती रुजू होते. अर्जातला तारखांचा भाग एवढाच आहे. हा हिशेब कॅलेंडरवर बोट ठेवून कुणालाही करता येतो. साहेबांच्या सोयीला त्यात कुठे जागा आहे?

मूल तारीख पाहून जन्माला येत नाही, मग आधीच तारखा लिहून काय उपयोग, असं यावर विचारलं जातं. उपयोग आहे, फक्त वाक्य नीट लिहायला हवं. 'माझी रजा १४ सप्टेंबर २०२६ पासून, किंवा त्याआधी प्रसूती झाल्यास प्रसूतीच्या दिवसापासून सुरू होईल आणि तेव्हापासून २६ आठवडे चालेल.' समजा, मूल ७ सप्टेंबरलाच जन्मलं. तर रजा त्या दिवसापासून मोजायची, ती ७ मार्चला संपेल आणि परतीची तारीख ८ मार्च होईल. नवा अर्ज नको, नवी मंजुरी नको, फक्त जन्माचा दाखला पुरेसा. मूल दहा दिवस उशिरा आलं, तर रजेच्या दोन्ही टोकांच्या तारखा आहेत तिथेच राहतात, बाळासोबतचे दिवस तेवढे कमी होतात. म्हणूनच पूर्ण ८ आठवडे आधी रजा घ्यायची का, हा निर्णय बाईने आणि तिच्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो. तिमाहीअखेर जवळ आली आहे म्हणून रजा पुढे ढकला, किंवा आत्ता काम कमी आहे म्हणून लवकर जा, असं सांगण्याचा अधिकार कंपनीला कोणत्याही कलमाने दिलेला नाही.

कायद्याने या कागदाला 'सूचना' म्हटलं आहे, 'विनंती' नाही. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याच्या सहाव्या कलमात ही तरतूद होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने प्रसूती लाभाचं प्रकरण जवळपास तसंच पुढे चालवलं आहे. सूचनेत काय असावं हेही तिथे लिहिलं आहे. आपला लाभ कोणाला द्यावा, कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणार, आणि लाभाच्या काळात आपण कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही, एवढंच. हँडओव्हरचा त्यात उल्लेख नाही. प्रसूतीआधी सूचना द्यायची राहून गेली, तर ती प्रसूतीनंतर लवकरात लवकर देता येते; आणि सूचना दिली नाही एवढ्याच कारणाने हक्क जात नाही. सूचनाच नसताना जो हक्क टिकतो, तो कामाच्या यादीला दोन सह्या कमी पडल्या म्हणून कसा अडवता येईल?

सूचनेतला तिसरा मुद्दा, म्हणजे काम न करण्याचं लेखी कथन, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रूढ नमुन्यातलं सर्वांत लाडकं वाक्य त्याच्याशी थेट भांडतं. 'रजेच्या काळात मी फोन आणि ईमेलवर उपलब्ध राहीन.' हे वाक्य बायका चांगुलपणाने लिहितात, काही ठिकाणी ते लिहून घेतलंही जातं. त्याचा अर्थ काय होतो? एका परिच्छेदात ती सांगते की लाभाच्या काळात काम करणार नाही, आणि पुढच्याच परिच्छेदात म्हणते की विचाराल तेव्हा काम करीन. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तर कोणत्याही बाईने काम करू नये आणि मालकाने जाणूनबुजून तिच्याकडून काम करून घेऊ नये, असा स्पष्ट मनाई हुकूम कायद्यात आहे. बाईने स्वतः तयारी दाखवली तर चालेल, अशी सूट तिथे नाही. 'फक्त दोन मिनिटांचा फोन आहे' हे उत्तर मला मान्य नाही. कर्जखात्यातला फरक कशामुळे पडला हे टाके ओले असलेल्या बाईला फोनवर विचारणं, हे कामच आहे. जी माहिती तिच्या एकटीच्या डोक्यात आहे ती १४ सप्टेंबरच्या आधी कागदावर उतरवून घेणं ही कचेरीची जबाबदारी होती. ती पार पडली नाही, तर भरपाई बाळंतिणीच्या खोलीतून का व्हावी?

याचा अर्थ हँडओव्हर लिहूच नये असा नाही. हक्क आहे म्हटल्यावर एका ओळीचा अर्ज द्यावा आणि निघून जावं, असं म्हणणाराही एक गट आहे. त्यांचं कायद्याचं वाचन बरोबर आहे, पण व्यवहार त्यांनी पुरता पाहिलेला नाही. हँडओव्हरचा कागद कंपनीच्या जितका उपयोगाचा, त्याहून अधिक बाईच्या उपयोगाचा आहे. मात्र तो सूचनेपासून वेगळा, स्वतंत्र जोडपत्र म्हणून द्यायला हवा. सरकारी कचेऱ्यांत चार्ज देण्या-घेण्याची जी जुनी शिस्त आहे तिच्यातलं शहाणपण इथे कामी येतं. चार्ज देताना काय दिलं, कोणत्या स्थितीत दिलं आणि कोणाला दिलं, तिन्ही लिहिलं जातं. आपल्या उदाहरणातल्या बाईने लिहावं: माझ्याकडची चालू कर्जखाती ही, त्यातली थकीत ही, कागदपत्रं अपुरी असलेली ही; दर महिन्याच्या अखेरीला जाणारा अहवाल अमुक फायलींवरून तयार होतो; अमुक तीन ग्राहकांना दिलेला शब्द असा आहे. शेवटी तारीख, आणि घेणाऱ्याची सही. पासवर्ड कोणालाही सांगू नये. घेणाऱ्याच्या नावाने नवी परवानगी काढून देणं हे कंपनीचं काम. सहा महिन्यांनी एखाद्या खात्यात घोळ निघाला आणि 'ही रजेवर जाताना तसाच ठेवून गेली' असं कोणी म्हटलं, तर या कागदाशिवाय तिच्याकडे उत्तर नसतं.

त्या जोडपत्रातला एक शब्द मात्र मी कधीच सोडणार नाही. तो शब्द म्हणजे 'तात्पुरतं'. 'ही खाती मी श्री. अमुक यांच्याकडे सुपूर्द केली' असं लिहिलं, की परतल्यावर ती खाती श्री. अमुक यांचीच राहतात आणि तिला कोपऱ्यातलं टेबल मिळतं. 'ही खाती १४ सप्टेंबर २०२६ ते १४ मार्च २०२७ या काळापुरती श्री. अमुक पाहतील, १५ मार्चपासून ती माझ्याकडे परत येतील' असं लिहिलं, तर रजेवर जाताना तिचं काम नेमकं काय होतं याचा पुरावा तयार होतो. हा पुरावा का हवा? कायदा रजेच्या काळात कामावरून काढायला मनाई करतोच, शिवाय तिच्या सेवेच्या अटी तिला तोट्याच्या ठरतील अशा बदलायलाही मनाई करतो. पण अटी बदलल्या हे सिद्ध करायचं, तर आधी काय होतं हे दाखवावं लागतं. बढती-बदल्यांच्या गडबडीत ते तोंडी कोणी मान्य करत नाही. म्हणून 'आधी हँडओव्हर, मग रजा' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं उलटं आहे. हँडओव्हर रजेसाठी नसतोच, तो परतण्यासाठी असतो.

आता परतीचा बेत. इथे विरोधी मताला आपली बाजू सर्वांत भक्कम वाटते. 'सहा महिने पगार घ्यायचा आणि सातव्या महिन्यात राजीनामा टाकायचा, असं होतं. मग परत येण्याची लेखी हमी मागितली तर काय बिघडलं?' बिघडतं असं की रजेचा हक्क हा परत येण्याच्या मोबदल्यात मिळालेला नाही. डॉ. कविता यादव यांचा खटला इथे वाचण्यासारखा आहे. दिल्लीतल्या जनकपुरी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात त्या कंत्राटी निवासी डॉक्टर होत्या आणि त्यांच्या नेमणुकीची कमाल तीन वर्षं ११ जून २०१७ रोजी संपत होती. त्यांनी १ जूनपासून प्रसूती रजा मागितली. रुग्णालयाने हिशेब केला आणि ११ दिवसांची रजा दिली, कारण त्यानंतर नोकरीच उरत नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत हाच हिशेब मान्य झाला. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी तो फेटाळला आणि सांगितलं की पात्रतेची अट पुरी केलेल्या बाईला लाभ पूर्ण मिळायला हवा. कंत्राटाची मुदत मधे संपली तरी लाभ तिथे तुटत नाही. या प्रकरणात परत यायला जागाच नव्हती, तरीही लाभ पूर्ण देय ठरला. मग जिथे जागा आहे तिथे तो परतीच्या हमीवर कसा टांगता येईल? पात्रतेची खरी अट मागे पाहणारी आहे: अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असणं. पुढे ती काय करील हे कायदा विचारत नाही. परत आली नाही तर रजेचा पगार फेडेन, असं बंधपत्र काही कंपन्या लिहून घेतात. कायद्याने दिलेला लाभ काढून घेणारा करार त्या कायद्यापुढे टिकत नाही.

मग परतीबद्दल अर्जात काय लिहावं? हमी लिहू नये, गरजा लिहाव्यात. आपल्या उदाहरणातलं मूल ठरल्या दिवशी जन्मलं, तर ते १२ जानेवारी २०२८ ला १५ महिन्यांचं होईल. तोवर आईला रोजच्या नेहमीच्या सुट्टीखेरीज अंगावर पाजण्यासाठी दोन विश्रांती मिळायला हव्यात. कंपनीत ५० किंवा अधिक माणसं असतील, तर पाळणाघराची सोय हवी आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभाही. या गोष्टी परत आल्यावर पहिल्या सोमवारी मागितल्या, तर 'बघू' असं उत्तर मिळतं. सहा महिने आधी तारखेसह लिहून ठेवल्या, तर कंपनीला तयारीला वेळ नव्हता असं म्हणता येत नाही. घरून काम करण्याचा मुद्दा मात्र वेगळ्या परिच्छेदात आणि विनंतीच्या भाषेत मांडावा, कारण तो खरोखर दोघांच्या संमतीवर आणि कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. हक्क आणि विनंती यांची सरमिसळ बाईने स्वतःही करू नये. सगळंच ठासून मागितलं की जे ठासून मागायचं त्याचा जोर जातो.

नगऱ्यातल्या त्या घरातला दुसरा अर्ज नवऱ्याचा आहे, आणि त्याबद्दलचं रूढ मत तर याहून पोकळ आहे. 'बाळंतपणात पुरुषाचं काय काम? घरात आजी आहेच.' केंद्र सरकारच्या आणि त्याच धर्तीवर रेल्वेच्या नियमांत दोनपेक्षा कमी मुलं असलेल्या बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. त्या मुदतीत घेतली नाही तर बुडते, आणि ती एरवी नाकारू नये असंही नियमात म्हटलं आहे. बहुतेक बाप ती इस्पितळाच्या धावपळीत वापरतात किंवा वापरतच नाहीत. पण दोन्ही अर्ज शेजारी ठेवून पाहिले, तर एक वेगळी शक्यता दिसते. मूल १२ ऑक्टोबरला झालं, तर बापाची मुदत १२ एप्रिलच्या आसपास संपते, आणि आई १५ मार्चला रुजू होते. बापाने १५ ते २९ मार्च हे पंधरा दिवस ठेवले, तर आई कामावर जाते त्या पहिल्या पंधरवड्यात मूल बापाजवळ असतं. आईचा परतीचा बेत ज्यावर सर्वांत जास्त अडतो, तो प्रश्न तिच्या एचआरने तिला विचारलेला असतो आणि उत्तर नवऱ्याच्या कार्मिक शाखेत पडलेलं असतं. मूल उशिरा सांभाळायला शिकणारा बाप आणि लवकर राजीनामा देणारी आई यांचा संबंध कोणी जोडत नाही, आणि मग बायका परतत नाहीत अशी तक्रार होते.

खासगी नोकरीतल्या बापाला मात्र असा कायदाच नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, सर्व क्षेत्रांतल्या बापांना १५ दिवस आणि पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढ अशी त्याची कल्पना होती. त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे तिथे बापाचा अर्ज ही खरीच विनंती असते, आणि हँडओव्हरचा कागद तिथे मंजुरीचं वजन वाढवतो हे मी मान्य करते. पण नेमकं यावरूनच आईच्या अर्जातली गफलत उघडी पडते. कायदा नसलेल्या जागी जी भाषा लागते, ती कायदा असलेल्या जागी वापरायला बायकांना शिकवलं गेलं आहे.

राहिला छोट्या कंपन्यांचा आक्षेप. दहा-बारा माणसांच्या कचेरीत एकीचा सहा महिन्यांचा पगार आणि शिवाय बदलीवर आलेल्याचा पगार, हा भार जड आहे, यात शंका नाही. राज्य कामगार विम्याच्या कक्षेतल्या बायकांचा लाभ महामंडळ देतं. बाकीच्यांचा भार एकट्या मालकावर पडतो. ही व्यवस्थेतली उणीव आहे आणि ती दूर व्हावी म्हणून मालकांनी सरकारशी भांडावं. पण गरोदर बाईच्या अर्जात अटी वाढवून त्या भाराचा एक रुपयाही कमी होत नाही. कमी होतं ते तिचं धैर्य, आणि पुढच्या मुलाखतीत 'लग्न झालंय का' असं विचारण्याची लाज. शिवाय गैरहजेरीची तयारी करायला कंपनीला वेळ नसतो असंही नाही. एखादा कर्मचारी उद्या अपघाताने पडला, तर हीच कचेरी विनासूचना सावरते. इथे तर तारीख काही महिने आधी लेखी कळवली जाते. बदली माणूस नेमणं, त्याला शिकवणं, कामाची विभागणी ठरवणं हे व्यवस्थापनाचं काम आहे आणि त्याचा पगार व्यवस्थापक घेतो. तोच प्रश्न कागदावर उलटा करून, पायाला सूज आलेल्या आठव्या महिन्यातल्या बाईला 'तुमच्या जागी कोण ते तुम्हीच शोधा' म्हणून सोपवणं, याला हँडओव्हर म्हणता येणार नाही.

आणि अर्जाला उत्तर काय यायला हवं, हेही एचआरने एकदा तपासावं. 'रजा मंजूर' हे दोन शब्द पुरेसे नाहीत. तारखा नोंदल्या आहेत, प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ जमा होईल, उरलेली रक्कम जन्माचा दाखला मिळाल्यापासून ४८ तासांत देऊ, आणि १५ मार्चला तुमची खाती तुमच्याकडे येतील, असं उत्तर यायला हवं. ४८ तासांची ती मुदत कायद्यात आहे, आणि ती मालकाने पाळायची आहे. मुदतींचा आग्रह धरायचा तर एचआरने सुरुवात तिथून करावी.